मिरगाला अधिक महिना लागत नाही

२०२६ च्या ८ जूनला मृग नक्षत्र लागतं, आणि तो दिवस बरोबर अधिक ज्येष्ठात पडतो. १७ मे ते १५ जून हा महिना अधिकाचा. कोकणातल्या इन्सुलीत त्या महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, घरभरणी नाही. मंगल कार्यालयाच्या वहीत ऐन मे महिन्याची पानं कोरी. पण तरव्याची पेरणी होतेच. मिरग लागला की राखणदाराला कोंबडा द्यायचा, तोही दिला जातो. महिना अधिकाचा आहे, तेव्हा भात महिनाभर थांबवूया, असं म्हणणारा शेतकरी इन्सुलीत कुणी पाहिलेला नाही.

लग्न थांबतं, पेरणी थांबत नाही. याचा अर्थ शेतकरी कमी भाविक आहे असा नव्हे. त्याच्या घरात दोन हिशोब चालतात आणि त्यांतल्या एकाला अधिक महिना लागतच नाही.

शेताचा हिशोब सूर्याचा. रोहिणी २५ मेच्या आसपास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २२ जूनच्या सुमारास. ही सूर्याची नक्षत्रं. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून फिरतो, एकेकात साडेतेरा दिवस राहतो, आणि दरवर्षी त्याच तारखांना त्याच ठिकाणी येतो. म्हणून आजोबांचा मिरग आणि नातवाचा मिरग एकाच तारखेला. धूळवाफ कधी करायची, तरवा कधी टाकायचा, लावणीला कधी लागायचं, हे सगळं या हिशोबावर. यात वाढवण्यासारखं काही नाही आणि वगळण्यासारखंही नाही.

देवघराचा हिशोब चंद्राचा. चतुर्थी, एकादशी, पौर्णिमा, अमावास्या, सगळं तिथीवर. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस आणि पाऊण तास. असे बारा महिने धरले की ३५४ दिवस होतात. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती भरली नाही तर सण दरसाल अकरा दिवस अलीकडे सरकत राहतो. अधिक महिना हा या तुटीचा भरणा आहे. एवढाच आहे. तो पुण्याचा की पापाचा, मळाचा की पुरुषोत्तमाचा, हे नंतर आलेलं.

इथवर शाळेत शिकवलेलं असतं. घोटाळा पुढच्या वाक्यात होतो. ‘दर तीन वर्षांनी एक अधिक महिना येतो,’ असं सगळेच म्हणतात. वर्तमानपत्रं छापतात, कीर्तनकार सांगतात, जावयाच्या ताटात तेहतीस अनारसे ठेवणारी सासूही सांगते. हे वाक्य चुकीचं आहे. अधिक महिना तीन वर्षांनी येत नाही. पूर्ण तीन वर्षांचं अंतर तर त्यात कधी पडतच नाही.

२०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ होता. त्यानंतरचा अधिक आला २०२० च्या आश्विनात, म्हणजे अठ्ठावीस महिन्यांनी. त्यानंतरचा २०२३ च्या श्रावणात, चौतीस महिन्यांनी. त्यानंतरचा हा २०२६ चा ज्येष्ठ, तोही चौतीस महिन्यांनी. पुढचा २०२९ च्या चैत्रात. सरासरी काढली तर साधारण साडेबत्तीस महिने येते. जुन्या ग्रंथांनीही बत्तीस महिने, सोळा दिवस आणि चार घटका असा बारीक आकडा दिला आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी घटकांपर्यंत मोजलं आणि आपण त्याचं ‘दर तीन वर्षांनी’ करून टाकलं.

सरासरीपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच. पंचांगकर्ता साडेबत्तीस महिने मोजत बसत नाही. अकरा, बावीस, तेहतीस अशी बेरीज करून तो एक दिवस महिना घुसवत नाही. त्याच्याकडे नियम एकच. ज्या चांद्रमहिन्यात सूर्याची संक्रांत होत नाही, तो अधिक. बस.

हा नियम एकदा समजून घेतला की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो ती संक्रांत. आपण मकरेचीच लक्षात ठेवतो, पण त्या वर्षाला बारा. दोन संक्रांतींमध्ये सरासरी साडेतीस दिवसांहून जरा कमी अंतर. चांद्रमहिना साडेएकोणतीस दिवसांचा. म्हणजे चांद्रमहिना जवळजवळ एका दिवसाने आखूड. एरवी प्रत्येक चांद्रमहिन्यात एक संक्रांत येते आणि त्या संक्रांतीवरून महिन्याला नाव मिळतं. मेष संक्रांत ज्यात, तो चैत्र. वृषभ ज्यात, तो वैशाख. मिथुन ज्यात, तो ज्येष्ठ. पण दर महिन्याला संक्रांत एकेक दिवस पुढे सरकते. आधी महिन्याच्या सुरुवातीला असते, मग मध्यावर येते, मग अमावास्येला टेकते. आणि एकदा अशी वेळ येते की एक संक्रांत अमावास्येच्या जरा आधी होऊन जाते आणि पुढची संक्रांत पुढच्या अमावास्येनंतर होते. मधला अख्खा महिना संक्रांतीविना. त्याला स्वतःचं नाव मिळत नाही. पुढच्या महिन्याचं नाव उसनं घेऊन तो ‘अधिक’ होतो.

आता २०२६ चाच हिशोब पाहू. सूर्य वृषभेत गेला १५ मे रोजी सकाळी. अमावास्या संपली १६ मेची मध्यरात्र उलटल्यावर. म्हणजे वृषभ संक्रांत जुन्या महिन्यात राहिली आणि त्याला वैशाख हे नाव देऊन गेली. नवा महिना १७ मेला सुरू झाला. त्याची अमावास्या १५ जूनला सकाळी सव्वाआठच्या सुमारास संपते. सूर्य मिथुनेत जातो त्याच दिवशी, दुपारी एकच्या आसपास.

मधे साडेचार तास. सूर्य तेवढा उशिरा आला म्हणून मागचा महिना संक्रांतीविना राहिला, अधिक ठरला. ज्येष्ठ हे नाव दुपारच्या संक्रांतीबरोबर पुढच्या महिन्याला गेलं.

सूर्य तोच सकाळी आठच्या आत मिथुनेत गेला असता तर? मग १७ मेपासूनचा महिनाच खरा ज्येष्ठ ठरला असता आणि वटपौर्णिमा ३१ मेला आली असती. ती २९ जूनला आहे. पुढचा महिना १५ जून ते १४ जुलैचा. कर्क संक्रांत १६ जुलैची, म्हणजे तो महिना रिकामा राहिला असता आणि अधिक आषाढ झाला असता. मे महिन्यातली लग्नं निर्वेध पार पडली असती आणि पावसातला महिना वर्ज्य ठरला असता. ऐन मे महिन्यात मंगल कार्यालयं बंद राहिली, त्याला देवाची मर्जी किंवा काळाचा दोष कारण नाही. साडेचार तास कारण आहेत.

हे कल्पनेतलं नाही. २०१५ मध्ये असंच झालं होतं. त्या वर्षी मिथुन संक्रांत १५ जूनला झाली आणि अमावास्या १६ जूनला संपली. संक्रांत आधी, अमावास्या नंतर. म्हणून संपत आलेला महिना ज्येष्ठ ठरला आणि १७ जूनपासून अधिक आषाढ लागला. संक्रांतीची तारीख तीच. अमावास्या एका दिवसाने इकडची तिकडे, आणि अधिक महिना आख्खा एक घर पुढे.

म्हणूनच अधिक महिन्याला ठरलेली जागा नाही. पण एक कल मात्र आहे आणि तोही सूर्याचाच. गेल्या पंचवीस वर्षांतले अधिक महिने पाहा. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. मार्गशीर्ष नाही, पौष नाही, माघ नाही. पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि तेव्हा ती सावकाश फिरते. त्यामुळे जून-जुलैत सूर्याला एक रास ओलांडायला साडेएकतीस दिवसही लागतात. एवढ्या मोठ्या फटीत साडेएकोणतीस दिवसांचा महिना सहज मावतो. जानेवारीत पृथ्वी जवळ असते, वेगाने जाते, आणि सूर्याची रास साडेएकोणतीस दिवसांच्या आतच संपते. तिथे अख्खा चांद्रमहिना मावायला जागा नाही. उलट तिथेच क्वचित एका महिन्यात दोन संक्रांती येतात आणि एक महिना गळतो. तसा क्षयमास १९८३ च्या सुरुवातीला पडला होता. पुढचा २१२३-२४ मध्ये. त्याची चिंता आज नको.

एकोणीस वर्षांत मात्र हा सगळा विस्कळीतपणा आश्चर्यकारकरीत्या जुळून येतो. एकोणीस सौरवर्षं आणि दोनशे पस्तीस चांद्रमहिने यांच्यात काही तासांचाच फरक. बारा गुणिले एकोणीस म्हणजे दोनशे अठ्ठावीस. राहिले सात. म्हणून एकोणीस वर्षांत सात अधिक महिने. २००४ मध्ये अधिक श्रावण होता, २०२३ मध्ये पुन्हा अधिक श्रावण, तोही जवळपास त्याच तारखांना. ज्याला पाठांतरासाठी एखादा आकडा हवाच आहे, त्याने हा पाठ करावा. तीनचा सोडावा.

आता हे सगळं कशासाठी, ते इन्सुलीच्या माटवीत पाहावं. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या त्या चौकटीला काय काय बांधतात? कवंडळं, कांगण्या, हरणाची फुलं, शेरवड, तेरडा, सुपारीचं शिपटं, आंब्याचे टाळे, नारळ, तवसं. यांतलं नारळ-सुपारी सोडलं तर बहुतेक सगळं रानातलं आणि पावसाच्या उत्तरार्धातलं. बाजारातून मागवायची ही वस्तू नव्हे. चतुर्थी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये येते असं गृहीत धरूनच ही माटवी जमलेली आहे.

२०२३ ची चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. २०२४ ची ७ सप्टेंबरला. २०२५ ची २७ ऑगस्टला. दरसाल अकरा-बारा दिवस अलीकडे, अगदी हिशोबाप्रमाणे. २०२६ मध्ये ती ऑगस्टच्या मध्यावर यायला हवी होती. मधे अधिक ज्येष्ठ पडला आणि ती १४ सप्टेंबरला गेली. मुंबईहून येणारा चाकरमानी रजेचा अर्ज लिहिताना ‘यंदा गणपती लवकर’ किंवा ‘यंदा उशिरा’ म्हणतो, ते या हेलकाव्यामुळे. तूट रोज थोडी थोडी भरत नाहीत, एकदम महिन्याने भरतात. त्यामुळे चतुर्थी एका जागी उभी राहत नाही. पण साधारण महिन्याभराच्या पट्ट्यातच झुलते, बाहेर जात नाही. २२ ऑगस्टला आलेली आपण २०२० मध्ये पाहिली, १९ सप्टेंबरला आलेली २०१२ आणि २०२३ मध्ये.

अधिक महिना काढून टाका. २०२५ च्या २७ ऑगस्टपासून दरसाल अकरा दिवस मागे मोजत चला. सात वर्षांत चतुर्थी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचते. तरवा टाकायचे दिवस आणि गणपती एकत्र. रानात कवंडळ नाही, तेरडा अजून फुटतोय, घरातली सगळी माणसं चिखलात. आणखी काही वर्षांनी चतुर्थी मार्चमध्ये, काजू-आंब्याच्या मोसमात. तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून ती जागेवर येते.

हे अशक्य नाही. असं चालवणारं पंचांग जगात आहे आणि कोट्यवधी लोक ते पाळतात. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र आहे, त्यात अधिक महिना जाणूनबुजून ठेवलेला नाही. २०१५ मध्ये रमजानचे रोजे जूनच्या पावसात सुरू झाले होते, २०२६ मध्ये ते फेब्रुवारीत आले. तिथे सण ऋतूला बांधलेलाच नाही, म्हणून काही बिघडत नाही. आपल्याकडे तो बांधलेला आहे. माटवीने बांधलेला आहे. तेव्हा अधिक महिन्याला नाकं मुरडणाऱ्याने आधी हे ठरवावं की माटवीत काय बांधायचं.

एक शंका मात्र रास्त आहे. साडेचार तासांवर महिना ठरत असेल तर सूर्य मिथुनेत नेमका केव्हा गेला हे कोण ठरवतं? आकाशात राशीची रेघ आखलेली नसते. ती आपण आखतो. बहुतेक पंचांगं चित्रा तारा धरून ती आखतात. टिळक पंचांग रेवती नक्षत्रातला एक तारा धरून आखतं. दोन्ही रेघांत सुमारे चार अंशांचं अंतर. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो. म्हणजे टिळक पंचांगाच्या सगळ्या संक्रांती चारेक दिवस आधी.

२०२३ मध्ये याचा परिणाम उघड दिसला. चित्रा पक्षाने सिंह संक्रांत १७ ऑगस्टला, अमावास्या १६ ऑगस्टला संपलेली. श्रावण अधिक. टिळक पंचांगाने तीच संक्रांत चार दिवस आधी, म्हणजे अमावास्येच्या आत. श्रावण अधिक नाहीच. त्यामुळे ते पंचांग पाळणाऱ्या कोकणातल्या आणि पुण्यातल्या घरांत गणपती २० ऑगस्टला बसले, बाकीच्यांकडे १९ सप्टेंबरला. एकाच वर्षी, एकाच प्रांतात, दोन चतुर्थ्यांत तीस दिवसांचं अंतर. २०२६ चा ज्येष्ठही त्या गणिताने अधिक नाही, कारण त्यांची मिथुन संक्रांत ११ जूनच्या आसपास होऊन जाते. एका पंचांगाला जो महिना वर्ज्य, तो दुसऱ्याला लग्नाचा. दोघांचं गणित बरोबर आहे. रेघ वेगळी आहे.

आणि तरीही या दोन घरांत वाद होत नाही, कारण वादाचा मुद्दा कुणाला माहीतच नसतो. ‘त्यांच्यात तसं असतं’ एवढ्यावर विषय संपतो. अधिक महिन्यात काय करू नये याची यादी तोंडपाठ असते. तो अधिक कशाने झाला हे विचारलं की तीन वर्षांचं उत्तर येतं.

ज्यांना हे नीट माहीत असावं लागतं ते वेगळे. गणपतीच्या शाळेतला मूर्तिकार. त्याला २०२४ ते २०२५ या दोन चतुर्थ्यांच्या मधे ३५४ दिवस मिळाले आणि २०२५ ते २०२६ च्या मधे ३८३. माती कधी आणायची, पाट कधी घ्यायचे, रंगाला माणसं कधी लावायची, हे त्याला या आकड्यांवर ठरवावं लागतं. २०३१ मध्ये त्याची कसोटी आहे. अधिक भाद्रपद त्याच वर्षी, चैत्रातल्या अधिकानंतर अडीच वर्षांच्या आतच. ऑगस्टमध्ये भाद्रपद लागेल, त्याची चतुर्थीही येईल, आणि चित्रा पक्ष पाळणाऱ्या एकाही घरात त्या दिवशी मूर्ती जाणार नाही. मूर्ती न्यायची ती दुसऱ्या भाद्रपदात, २० सप्टेंबरच्या सुमारास. ज्याने तीन वर्षांच्या भरवशावर आगाऊ पैसे घेऊन ऑगस्टचा वायदा केला, त्याच्या शाळेत रंगवलेले गणपती महिनाभर पाटावर बसून राहतील.